तातडीच्या सुरक्षा दुरुस्तीची पुल रिक्वेस्ट आणि मेंटेनरला पाठवायचा मेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या ओपन सोर्स लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी सापडते, दुरुस्तीही हातात असते, आणि मग मेंटेनरला काय लिहायचं इथे गाडी अडते. त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत एकच कल्पित उदाहरण घेतलं आहे: टार फाइल उलगडणारी एक छोटी पायथन लायब्ररी आणि तिचं `unpack()` हे फंक्शन. यंत्रणा गिटहबची धरली आहे, कारण बहुतेकांचे प्रश्न तिथलेच असतात.

१. पुल रिक्वेस्ट उघडली की मेंटेनरला सूचना जातेच. मग वेगळा मेल कशाला?

सूचना जाते, पण ती इतर शेकडो सूचनांच्या ढिगात जाऊन पडते. बऱ्यापैकी वापरात असलेल्या लायब्ररीच्या मेंटेनरकडे रोज आवृत्ती वाढवणाऱ्या बॉटच्या पुल रिक्वेस्ट, रीडमीतल्या टायपोच्या दुरुस्त्या आणि "हे फीचर कधी येणार" असे प्रश्न येत असतात. ही कामं तो बहुधा नोकरी सांभाळून रात्री करतो. त्या ढिगात तुमची पुल रिक्वेस्ट वेगळी दिसायची तर तिचं शीर्षक ओरडून लिहावं लागेल, आणि नेमकं तेच करायचं नसतं.

मेलचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. पुल रिक्वेस्टमध्ये जे उघडपणे लिहिता येत नाही, म्हणजे हल्ला कसा होतो, कोण धोक्यात आहे, तुमच्याखेरीज कोणाला माहीत आहे, ते मेलमध्ये लिहिता येतं. मेंटेनरला तातडी कळते ती या माहितीवरून.

२. आधी पुल रिक्वेस्ट उघडू की आधी मेल पाठवू?

त्रुटी अजून कोणाला माहीत नसेल तर आधी मेल किंवा खासगी अहवाल. उघडी पुल रिक्वेस्ट मुळीच नाही. सार्वजनिक रिपॉझिटरीवरची पुल रिक्वेस्ट जगाला दिसते, आणि दुरुस्तीचा फरक वाचून मूळ त्रुटी ओळखणं हे जाणकाराला मिनिटांचं काम असतं. त्या क्षणी हल्लेखोराकडे माहिती आहे आणि वापरकर्त्यांकडे नवी आवृत्ती नाही, अशी स्थिती होते.

लॉगफॉरजेचं प्रकरण या बाबतीत बघण्यासारखं आहे. `CVE-2021-44228` या त्रुटीची खबर अलीबाबा क्लाउडच्या सुरक्षा पथकाने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी अपाचेला खासगीत दिली. दुरुस्तीचं काम मात्र प्रकल्पाच्या नेहमीच्या सार्वजनिक रिपॉझिटरीत झालं, आणि जेएनडीआयवर बंधन घालणारे बदल रिलीझच्या आधी काही दिवस कोणालाही वाचता येत होते. ९ डिसेंबरला हल्ल्याची पद्धत जाहीर झाली आणि २.१५.० ही आवृत्ती दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला आली. मधल्या काळात कोणी नेमकं कुठून काय वाचलं हे बाजूला ठेवलं, तरी खिडकी उघडी होती एवढं खरं.

त्रुटी आधीच जाहीर असेल, तिचा सीव्हीई क्रमांक निघालेला असेल किंवा हल्ले सुरू झाले असतील, तर लपवण्यात अर्थ नाही. तेव्हा पुल रिक्वेस्ट उघडा आणि पाठोपाठ तिचा दुवा देणारा मेल पाठवा. एकच जुनी त्रुटी अनेक प्रकल्पांत सापडली असेल तर प्रश्न १२ पाहा.

३. तिसरा मार्ग आहे का? दुरुस्ती तर मला दाखवायची आहे, पण जगाला नाही.

आहे. रिपॉझिटरीच्या सिक्युरिटी टॅबमध्ये त्रुटी खासगीत कळवण्याचं बटण असेल, तर त्यातून अहवाल भरा. मेंटेनरने ही सोय चालू केलेली असावी लागते, ती सगळीकडे नसते. अहवाल भरताना तात्पुरता खासगी फोर्क सुरू करता येतो. त्यात तुमची पुल रिक्वेस्ट फक्त तुम्हाला, मेंटेनरला आणि तो ज्यांना आत घेईल त्यांना दिसते. मूळ शाखेत विलीन करण्याचा अधिकार अर्थात मेंटेनरचाच.

खाली प्रश्न ६ मध्ये दिलेला मेल याच वाटेने गेलेला आहे असं धरलं आहे. या फोर्कची एक अडचण प्रश्न १० मध्ये आहे.

४. मेल कोणत्या पत्त्यावर पाठवायचा? पत्ता सापडतच नाही.

आधी रिपॉझिटरीत `SECURITY.md` आहे का बघा. ती रूट फोल्डरमध्ये, `docs` मध्ये किंवा `.github` मध्ये असू शकते. कधी ती संस्थेच्या सामाईक `.github` रिपॉझिटरीतही असते, म्हणून सिक्युरिटी टॅब उघडून बघणं सोपं. प्रकल्पाची स्वतःची वेबसाइट असेल तर `/.well-known/security.txt` हा पत्ता उघडून बघा. या फाइलचा नमुना आरएफसी ९११६ मध्ये ठरलेला आहे.

यातलं काही नसेल तर पॅकेजच्या नोंदीत लेखकाचा पत्ता असतो (`pip show -v` किंवा पायपीआयवरचं पान), आणि अलीकडच्या कमिटांमध्येही तो दिसतो. `noreply` असलेला पत्ता निरुपयोगी. आणि दहा वर्षांपूर्वी प्रकल्प सोडून गेलेल्या माणसाला त्रुटीचा तपशील पाठवू नका. आधी कमिटांच्या तारखा बघा.

तरीही पत्ता मिळाला नाही तर एक सार्वजनिक इश्यू उघडा, पण त्यात "सुरक्षेबद्दल खासगीत कळवायचं आहे, कुठे कळवू?" एवढीच ओळ असू द्या. फंक्शनचं नाव नको, फाइलचं नको, "गंभीर" हा शब्दही नको.

५. विषयाच्या ओळीत काय लिहू?

लायब्ररीचं नाव, सुरक्षेचा विषय आहे हे, आणि काय हवं आहे ते. "सुरक्षा अहवाल: [लायब्ररी], दुरुस्ती तयार, रिव्ह्यूची विनंती" एवढं पुरतं. नेमकी त्रुटी विषयात नको, कारण विषयाची ओळ मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर, टिकेट यंत्रणेत, सामाईक मेलबॉक्सच्या यादीत अशी कुठेही उमटते. सगळी अक्षरं मोठी आणि तीन उद्गारचिन्हं असलेला मेल स्पॅमच्या फोल्डरात जातो, आणि तो तिथेच शोभतो.

६. मेलमध्ये नेमकं काय काय हवं? एखादा नमुना द्याल का?

मेंटेनर मेल उघडतो तेव्हा त्याला चार गोष्टी हव्या असतात: काय घडतं, कोणाला धोका आहे, मी हे स्वतः कसं तपासू, आणि माझ्याकडून काय हवं आहे. बाकी सगळं त्यानंतर. आधी आपल्या उदाहरणातली त्रुटी समजून घेऊ. `unpack()` मध्ये टारमधली प्रत्येक नोंद उलगडण्याआधी ही तपासणी आहे:

```python
base = os.path.abspath(dest)
target = os.path.abspath(os.path.join(base, member.name))
if not target.startswith(base):
    raise ValueError(member.name)
tar.extract(member, dest)
```

वरवर पाहता ठीक वाटतं: फोल्डरबाहेरचा मार्ग आला की नकार. पण `startswith` अक्षरं जुळवतं, फोल्डर जुळवत नाही. `dest` म्हणून `/srv/data` दिलं आणि नोंदीचं नाव `../data-old/x` असलं, तर अंतिम मार्ग `/srv/data-old/x` होतो. तो `/srv/data` याच अक्षरांनी सुरू होतो, म्हणून तपासणी त्याला आत सोडते. फाइल शेजारच्या फोल्डरमध्ये लिहिली जाते.

आता मेल. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा इंग्रजीत जाईल, इथे त्याची बांधणी दिसावी म्हणून मराठीत देत आहे.

> विषय: सुरक्षा अहवाल: [लायब्ररी], दुरुस्ती तयार, रिव्ह्यूची विनंती
>
> नमस्कार,
>
> आमच्या अपलोड सेवेत आम्ही तुमची लायब्ररी वापरतो. `unpack()` ला मुद्दाम बनवलेली टार फाइल दिली, तर ती ठरवलेल्या फोल्डरच्या शेजारी, त्याच अक्षरांनी नाव सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये फाइल लिहू शकते. अनोळखी माणसाने चढवलेली टार फाइल जो कोणी उलगडतो, त्याला हा धोका आहे.
>
> पायथन ३.१२ आणि ३.१३ वर हे घडताना पाहिलं. ३.१४ वर घडत नाही, कारण तिथे टारचं मूळ फिल्टर बदललं आहे. कृपया ३.१४ वर तपासू नका.
>
> खासगी अहवाल भरला आहे आणि त्याच्या खासगी फोर्कमध्ये पुल रिक्वेस्ट ठेवली आहे. पहिला कमिट: तुलना `commonpath` ने केली आहे, एका ओळीचा बदल, सोबत एक चाचणी. बदलाशिवाय ती चाचणी नापास होते. दुसरा कमिट: सिमलिंकची वाट पहिल्याने बंद होत नाही, तिच्यासाठी `filter="data"`. तो वेगळा ठेवला आहे, कारण त्याने काही वापरकर्त्यांचं वर्तन बदलू शकतं.
>
> विनंती: येत्या बुधवारपर्यंत, १२:०० यूटीसी, एवढंच कळवावं की हे मिळालं आणि रिव्ह्यू कोण करणार. रिलीझची तारीख तुम्ही ठरवा, ती ठरेपर्यंत आम्ही कुठेही काही जाहीर करणार नाही. आत्ता ही माहिती मी आणि माझा एक सहकारी यांच्याकडेच आहे.

"३.१४ वर तपासू नका" ही ओळ बारीक वाटेल, पण सगळ्यात जास्त वेळ तीच वाचवते. पायथन ३.१४ पासून `tarfile` चं मूळ फिल्टर `data` आहे आणि ते बाहेरचा मार्ग स्वतःच अडवतं. मेंटेनरकडे नवीन पायथन असेल तर तुमचं उदाहरण चालवून त्याला वेगळीच एरर दिसेल, "मला दिसत नाही" असं लिहून तो अहवाल बंद करेल, आणि पुढचा आठवडा समजूत काढण्यात जाईल.

७. हल्ला करून दाखवणारा कोड मेलमध्ये जोडू का? किती?

त्रुटी आहे एवढं सिद्ध करणारा, आणि त्यापुढे काहीही न करणारा. आपल्या उदाहरणात एवढा कोड पुरतो:

```python
import io, tarfile
with tarfile.open("t.tar", "w") as t:
    info = tarfile.TarInfo("../data-old/x")
    t.addfile(info, io.BytesIO(b""))
```

ही टार फाइल `unpack("t.tar", "data")` ने उलगडली की `data` च्या शेजारी `data-old/x` अशी रिकामी फाइल दिसते. मुद्दा सिद्ध झाला. सर्व्हरवर ताबा मिळवून देणारी स्क्रिप्ट पाठवायची गरज नाही. ती वाचायला मेंटेनरला वेळ लागतो, आणि मेल कुठे पुढे गेला तर ती भलत्या हातात पडते.

तयार `t.tar` सुद्धा जोडू नका. ती बनवणाऱ्या वरच्या ओळी द्या. कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

८. "तातडीचं आहे" हे कसं सांगू? उद्धट न वाटता मुदत कशी देऊ?

तातडी हा शब्द लिहून तातडी पटत नाही, तिचं कारण सांगितलं की पटते. "गंभीर आहे, लवकर बघा" यापेक्षा "अनोळखी माणसाने चढवलेली फाइल उलगडणाऱ्या प्रत्येक सेवेला धोका आहे, आणि लॉगिनची गरज नाही" हे वाक्य मेंटेनरला लॅपटॉप उघडायला लावतं. हल्ले खरोखर होत असतील तर पहिल्याच ओळीत ते लिहा आणि कशावरून कळलं तेही लिहा. होत नसतील तर तशी भीती घालू नका. एकदा ताणून सांगितलं की पुढचं खरंही खोटं वाटतं.

मुदतीच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते: पोच, रिव्ह्यू आणि जाहीर करण्याची तारीख. पोच दोन-चार दिवसांत मागायला हरकत नाही, तिला मिनिटभर लागतं. रिव्ह्यूची तारीख मागू नका, तो सोपा करून द्या. जाहीर करण्याची तारीख दोघांनी मिळून ठरवायची असते. गुगलच्या प्रोजेक्ट झीरोची ९० दिवसांची आणि अमेरिकेतल्या सर्ट/सीसीची ४५ दिवसांची मुदत लोक मेलमध्ये उद्धृत करतात, पण त्या जाहीर करण्याच्या मुदती आहेत, उत्तर देण्याच्या नव्हेत. पहिल्याच मेलमध्ये त्या आकड्याने सुरुवात केली तर तो धमकीसारखा वाचला जातो. माझ्या मते पहिल्या मेलमध्ये "तारीख तुम्ही ठरवा" लिहावं, आणि मौन लांबलं तर मग मुदत आणावी (प्रश्न ११).

आणि "आमच्या कंपनीचं ऑडिट शुक्रवारी आहे" हे कारण नव्हे. ती तुमची निकड झाली, लायब्ररीच्या वापरकर्त्यांची नव्हे. तेवढ्यासाठी तुमच्या कोडमध्ये तात्पुरता पॅच लावा.

९. मेंटेनर मला ओळखत नाही. तो माझ्या पुल रिक्वेस्टवर विश्वास का ठेवेल?

ठेवू नये, आणि ठेवावा अशी अपेक्षाही करू नका. २९ मार्च २०२४ रोजी एक्सझेड युटिल्समधला मागचा दरवाजा (`CVE-2024-3094`) उघड झाला, तेव्हापासून अनोळखी माणसाच्या घाईकडे मेंटेनर मंडळी साशंकपणे बघतात, आणि त्यांचं बरोबर आहे. त्या प्रकरणात एकट्याने प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरवर २०२२ मध्ये अनोळखी खात्यांवरून मेलिंग लिस्टवर दबाव आणला गेला होता: पॅच लवकर घ्या, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला अधिकार द्या. पुढे ज्याला अधिकार मिळाले त्याच खात्यावरून ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत विषारी कोड शिरला. तो कोड चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींत लपवला होता.

आता तुमचा मेल त्याच्या नजरेने वाचा: अनोळखी नाव, घाई, तयार पॅच. नमुना तोच आहे. म्हणून पॅच असा असावा की विश्वासाची गरजच पडू नये. बदल त्रुटीपुरताच ठेवा, जाता जाता फॉरमॅटिंग नीट करू नका, नवी डिपेंडन्सी आणू नका, बिल्डच्या फाइलींना हात लावू नका. चाचणीसाठी टार फाइल रिपॉझिटरीत घालू नका, चाचणीतच ती कोडने बनवा. बायनरी फाइल वाचून तपासता येत नाही, चार ओळी येतात.

"तुम्हाला हवं तर माझा पॅच टाकून द्या आणि स्वतःच्या पद्धतीने दुरुस्त करा" ही ओळ मेलमध्ये घाला. ती लिहिणारा सहसा काही लपवत नसतो.

१०. खासगी फोर्कमध्ये सीआय चालतच नाही. मग "सगळ्या चाचण्या पास" कसं दाखवू?

बरोबर, तात्पुरत्या खासगी फोर्कमध्ये गिटहबवर सीआय आणि इतर इंटिग्रेशन चालत नाहीत. हिरवी खूण दिसली नाही की काही मेंटेनर आपोआप थांबतात, म्हणून हे मेलमध्येच सांगा: सीआय इथे चालत नाही, चाचण्या माझ्या यंत्रावर चालवल्या, या या पायथन आवृत्त्यांवर, या कार्यप्रणालीवर. आणि न तपासलेलं काय ते आधी लिहा. "विंडोजवर तपासलेलं नाही" या वाक्याने अब्रू जात नाही. उलट विंडोजवर `commonpath` ला दोन वेगळ्या ड्राइव्हचे मार्ग दिले तर ते स्वतःच `ValueError` देतं, हे तिथला मेंटेनर चटकन सांगेल. आपल्या उदाहरणात योगायोगाने तीच एरर हवी आहे, पण लायब्ररीची स्वतःची एरर असती तर ती पकडावी लागली असती.

सीआय हवं म्हणून तोच बदल सार्वजनिक फोर्कवर ढकलण्याचा मोह होतो. ते प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या उघड्या पुल रिक्वेस्टइतकंच वाईट.

११. आठवडा झाला, उत्तर नाही. आता?

त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळींची आठवण पाठवा, नवा मेल सुरू करू नका. स्पॅममध्ये गेला असेल ही शक्यता धरून, दुव्यांशिवाय आणि जोडपत्रांशिवाय पाठवा. मग दुसरा मार्ग वापरा: मेलने गेला असाल तर खासगी अहवाल, अहवाल भरला असेल तर मेल. रिलीझ करण्याचा अधिकार असलेली दुसरी व्यक्ती आहे का तेही बघा. पायपीआयच्या पानावर मेंटेनरांची खाती दिसतात.

तिथेही शांतता असेल तर मध्यस्थ घ्या. भारतात सर्ट-इन त्रुटींचे अहवाल स्वीकारते, समन्वय करते आणि सीव्हीई क्रमांकही देऊ शकते. आंतरराष्ट्रीय पातळीवर सर्ट/सीसी आहे. लायब्ररी डेबियन किंवा रेड हॅटमध्ये जात असेल तर त्यांच्या सुरक्षा पथकांचा मेंटेनरशी संपर्क असू शकतो. मध्यस्थाला पाठवताना मूळ मेल, तारखा आणि पॅच तिन्ही जोडा.

मेंटेनरच्या समाजमाध्यमांवर जाऊन "तुमच्या लायब्ररीत भोक आहे, मेल बघा" असं लिहू नका. "एक मेल पाठवला आहे, कृपया पाहाल का?" इथपर्यंत ठीक.

१२. एकच त्रुटी पन्नास प्रकल्पांत सापडली. सगळ्यांना एकच मेल पाठवू का?

त्रुटी जुनी आणि जाहीर असेल तर सरळ पुल रिक्वेस्ट उघडता येतात. `tarfile` चाच दाखला आहे: बाहेरच्या मार्गावर फाइल लिहिण्याची ही खोड `CVE-2007-4559` म्हणून २००७ पासून नोंदलेली होती. ट्रेलिक्सच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ती पुन्हा उजेडात आणली आणि स्वयंचलित पुल रिक्वेस्ट पाठवून ६१,८९५ प्रकल्पांत दुरुस्त्या पोचवल्या, असं त्यांनी जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलं.

पन्नासांचं काम असेल तर मात्र यंत्रावर सोडू नका. प्रत्येक ठिकाणी आधी बघा की टार फाइल बाहेरून येते का. चाचणीसाठी स्वतःच बनवलेली फाइल उलगडणारा प्रकल्प धोक्यात नसतो, आणि त्याच्या मेंटेनरला "तातडीचं" म्हणून मेल गेला की तो पुढच्या वेळी कोणाचाच मेल उघडत नाही. मेलमधली "तुमच्या कोडमध्ये अमुक फंक्शनपर्यंत बाहेरची फाइल अशी पोचते" ही ओळ प्रत्येक प्रकल्पासाठी हाताने लिहावी लागते. ती लिहिता आली नाही तर मेल पाठवू नका.

१३. चुकून उघडी पुल रिक्वेस्ट टाकली. बंद केली, फोर्कही काढला. सुटलो ना?

नाही. पुल रिक्वेस्ट बंद केल्यावरही तिचं पान राहतं, आणि फोर्क काढला तरी कमिट मूळ रिपॉझिटरीच्या बाजूने मिळतो:

```
git fetch origin pull/<क्रमांक>/head
```

शिवाय नोटिफिकेशनचे मेल केव्हाच जाऊन पडलेले असतात. तेव्हा लगेच मेंटेनरला लिहा: इतक्या वाजता, यूटीसीमध्ये, हा बदल सार्वजनिक झाला, आता तो जाहीर धरावा लागेल. रिलीझचं वेळापत्रक यामुळे खरोखर पुढे ओढावं लागतं, म्हणून अर्धा दिवस थांबून "कोणी पाहिलं नसेल" अशी आशा करू नका.

१४. सीव्हीई क्रमांक आणि तीव्रतेचा आकडा मेलच्या आधी मिळवू का?

नको. गिटहब स्वतः सीव्हीई क्रमांक देऊ शकतं, आणि तो सुरक्षा सूचनेच्या मसुद्यातून मागणं हे मेंटेनरचं काम. तुम्ही परस्पर मागितलात तर एकाच त्रुटीला दोन क्रमांक निघतात आणि नंतर एक रद्द करावा लागतो. तीव्रतेबद्दल आकड्याऐवजी परिस्थिती लिहा: लॉगिन लागतं का, वापरकर्त्याने काही करावं लागतं का, काय लिहिता किंवा वाचता येतं. आपल्या उदाहरणात शेजारी त्याच अक्षरांनी सुरू होणारा फोल्डर असावा किंवा तो बनवता यावा, आणि तिथे काही उपयोगाचं असावं, या अटी आहेत. पहिल्या त्रुटीची धार त्याने कमी होते, हे लपवू नका.

१५. मेंटेनर म्हणतो पहिला कमिट घेतो, सिमलिंकचा पुढच्या महिन्यात बघू. मान्य करू का?

शक्य असेल तर नको. टारमध्ये आधी `a` नावाची सिमलिंक `/etc` कडे दाखवणारी आणि मग `a/x` नावाची फाइल असली, तर `abspath` ला त्यात वावगं दिसत नाही, कारण ते सिमलिंक उलगडत नाही. पहिली दुरुस्ती जाहीर झाली की सगळ्यांचं लक्ष त्याच चार ओळींवर जातं, आणि ही वाट अनुभवी माणसाला तासाभरात सापडते. लॉगफॉरजेत हेच झालं: २.१५.० ची दुरुस्ती अपुरी निघाली, तिला `CVE-2021-45046` मिळाला आणि काही दिवसांतच २.१६.० काढावी लागली. ज्यांनी रात्र जागून सर्व्हर अद्ययावत केले होते त्यांनी ते पुन्हा केलं.

मेंटेनरची अडचणही खरी असू शकते. `filter="data"` पायथन ३.१२ पासून आहे. जुन्या शाखांत ते ३.८.१७, ३.९.१७, ३.१०.१२ आणि ३.११.४ पासून मिळतं, त्याआधीच्या पायथनवर हा शब्द दिला की `TypeError` येते. शिवाय ते डिव्हाइस फाइली नाकारतं आणि फाइलीच्या मालकाची माहिती सोडून देतं, म्हणजे बॅकअप परत आणण्यासाठी लायब्ररी वापरणाऱ्यांचं काम बिघडू शकतं. तेव्हा उत्तरात मधला पर्याय सुचवा: फिल्टर उपलब्ध असेल तर ते लावायचं, नसेल तर सिमलिंक आणि हार्डलिंकच्या नोंदी सरळ नाकारायच्या, आणि ज्यांना जुनं वर्तन हवं त्यांच्यासाठी एक स्पष्ट नावाचा पर्याय ठेवायचा. दुसरा कमिट तसा बदलून त्याच खासगी फोर्कमध्ये ढकला, आणि मेलमध्ये `hasattr(tarfile, "data_filter")` ही तपासणी कोणत्या ओळीवर आहे ते सांगा.